डॉक रिकामा, तरी रांग दोन तासांची

गोदामात माल भरायला डॉक एकच, चोवीस तास चालू. दिवसाला 30 गाड्या, म्हणजे सरासरी दर 48 मिनिटांनी एक. डिस्पॅचच्या शीटवर एक गाडी भरायला लागणारा सरासरी वेळ होता 30 मिनिटे. म्हणजे डॉकचा वापर 30 भागिले 48, साडेबासष्ट टक्के. मॅनेजर तोच आकडा पुढे करून म्हणत, "डॉक एक तृतीयांशाहून जास्त वेळ रिकामा, मग ड्रायव्हर ओरडतात कशाला?" ड्रायव्हर मात्र दोन-दोन तास ताटकळल्याचं सांगत होते, आणि गेटवरच्या रजिस्टरमधल्या वेळा त्यांचीच बाजू घेत होत्या.

मला हिशेब करायला बसवलं. गाड्या कुठल्याही ठरावीक वेळापत्रकाशिवाय येत होत्या, रांग एक, डॉक एक. अशा रांगेसाठी पोलाचेक आणि खिंचिन यांचं 1930च्या दशकातलं सूत्र आहे:

```
Wq = λ · E[S²] / (2 · (1 − ρ))
```

Wq म्हणजे रांगेतलं सरासरी थांबणं. λ म्हणजे गाड्या येण्याचा दर, इथे 1/48. ρ म्हणजे डॉकचा वापर. आणि E[S²] म्हणजे एकेका गाडीला लागलेल्या वेळाचा वर्ग करून काढलेली सरासरी. शीटवरचे वेळ घातले तर सरासरी थांबणं आलं 39 मिनिटे. गेटच्या नोंदी सांगत होत्या दोन तासांच्या वर. एवढी तफावत म्हणजे सूत्रात घातलेलं काहीतरी खोटं असणार.

म्हणून घड्याळ घेऊन डॉकवर उभा राहिलो. आधीची गाडी भरली, फोर्कलिफ्ट बाहेर आली आणि शीटवर 'लोडिंग संपले' अशी वेळ पडली. पण गाडी तिथेच! कागदांवर सह्या, दाराला सील, मग ती हलली. पुढची गाडी रिव्हर्समध्ये येऊन एकदा तिरकी लागली, पुन्हा पुढे घेऊन सरळ लावली, दार उघडलं, आणि मग कुठे 'लोडिंग सुरू'. हा मधला वेळ साधारण 10 मिनिटांचा. डॉक अडलेला, पण शीटच्या लेखी रिकामा. सेवेचा वेळ मोजायचा तो गाडीला डॉक मिळाल्यापासून पुढच्या गाडीला मिळेपर्यंत. फोर्कलिफ्ट किती वेळ चालली याला रांगेच्या लेखी काही अर्थ नाही.

आता सरासरी 40 मिनिटे झाली आणि वापर 83 टक्के. त्यात गाड्या दोन जातींच्या होत्या. सहातल्या पाच पॅलेटच्या, त्यांना 30 मिनिटे; सहावी सुट्या खोक्यांची, हातांनी भरायची, तिला 90. वर्गांची सरासरी 2100 आली आणि सूत्राने उत्तर दिलं 131 मिनिटे. गेटच्या रजिस्टरशी ते जुळलं. आणखी एक पडताळा लिटलच्या नियमाने होतो. तो सांगतो की रांगेतल्या सरासरी गाड्या म्हणजे येण्याचा दर गुणिले सरासरी थांबणं: 131 भागिले 48, म्हणजे रांगेत सरासरी पावणेतीन गाड्या. आवारात कधीही डोकावलं तर दोन-तीन उभ्या असायच्याच.

मला खरी गंमत वाटली ती त्या 2100 मध्ये. त्यातले 1350 एकट्या सहाव्या गाडीचे. 90 चा वर्ग 30 च्या वर्गाच्या नऊपट असतो ना! ती डॉकला असताना मागे गाड्या साचत जातात, आणि तेवढी कोंडी फोडायला पुढचे कित्येक तास पुरत नाहीत.

मॅनेजर दुसऱ्या डॉकचं बोलायला लागले होते. मी म्हटलं, आधी सुटी खोकी गाडी यायच्या आत मोजून, चिकटपट्टी लावून दारापाशी रचून ठेवू. डॉकवरचा वेळ 90 वरून 60 वर आला तर? सरासरी 35, वापर 73 टक्के, थांबणं 52 मिनिटे. वेळ वाचला सहातल्या एकाच गाडीचा, रांग निम्म्याहून खाली. त्यांनी कॅल्क्युलेटर ओढून स्वतः आकडे मारले, मग परवानगी दिली. प्रत्यक्षातही थांबणं तासाच्या आत आलं. दुपारच्या जेवणानंतर मात्र नाही. तेव्हा गाड्या झुंडीने येतात, आणि सूत्राने गृहीत धरलेला एकसारखा सरासरी दर तिथे लागूच पडत नाही. त्या वेळेपुरते स्लॉट वाटून द्यावे लागले.

रांग आटली तशी विक्रीवाल्यांची मागणी आली: दिवसाला 36 गाड्या घ्या. 35 मिनिटांच्या सेवेला वापर साडेसत्याऐंशी टक्के, आणि थांबणं 135 मिनिटे, म्हणजे होतो त्याहूनही मागे. 32 गाड्यांना तेच 68 मिनिटे येतं. दोन्ही आकडे त्यांच्यासमोर ठेवले. ते 34 वर अडून बसले, मॅनेजर 32 वर, आणि शेवटी 32 लिहून सही झाली.