मशीनचा ड्राफ्ट: क्लायंटशी आधीच बोलून घ्यायच्या गोष्टी

"भाषांतरात एआय वापरलं तर क्लायंटला सांगायचं का? आणि सांगायचं तर काय, किती नि कधी?"

सांगायचं, आणि रेट ठरायच्या आधी सांगायचं. काम पाठवताना मेलच्या शेवटी एक ओळ टाकून दिली तर समोरच्याच्या मनात पहिला प्रश्न पैशांचाच येतो, "मग आम्ही पूर्ण रेट कशाचा दिला", आणि एकदा बोलणं तिकडे गेलं की तुम्ही कितीही मेहनत केलेली असो, ती कोणी ऐकून घेत नाही.

पण नुसतं "हो, मी एआय वापरते" एवढं सांगून भागत नाही, कारण त्यातून क्लायंटला काहीच कळत नाही. यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. एक, भाषांतरातलं वाक्य आलं कुठून, मी लिहिलं की मशीनने दिलं नि मी दुरुस्त केलं. दुसरा, क्लायंटचा मजकूर गेला कुठे. समजा मी सगळं स्वतः लिहिलं आणि शेवटी फक्त तपासायला म्हणून एखाद्या चॅटबॉटमध्ये पेस्ट केलं, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर "मी लिहिलं" हेच आहे, पण मजकूर तर बाहेर गेलाच ना! बरेच जण इथेच गाफील राहतात, कारण त्यांच्या हिशोबी त्यांनी "एआयने भाषांतर केलेलं नसतं". एनडीए, म्हणजे मजकूर गुप्त ठेवायचा करार, सही केलेला असेल तर त्या कागदाला भाषांतर कोणी केलं याच्याशी देणंघेणं नसतं, मजकूर तिसऱ्याच्या सर्व्हरवर गेला का एवढंच तो बघतो. २०१७ मध्ये नॉर्वेच्या एनआरकेने बातमी दिली होती की स्टॅटऑइल या तेल कंपनीतल्या लोकांनी ट्रान्सलेट डॉट कॉम या फुकट साइटवर टाकलेला कंपनीचा आतला मजकूर चक्क सर्च इंजिनमध्ये सापडत होता. त्या लोकांनी काही चोरून केलेलं नव्हतं, त्यांना फक्त पटकन भाषांतर हवं होतं.

आता हे प्रत्यक्षात कसं ठरवायचं ते एका कामावरून सांगते. घरी वापरायच्या बीपी मशीनचं मॅन्युअल होतं, इंग्रजीतून मराठीत, साधारण ९,००० शब्द. मॉडेल अजून बाजारात आलेलं नव्हतं. एजन्सीच्या प्रोजेक्ट मॅनेजर बाईंनी पहिल्याच फोनवर विचारलं, "तुम्ही मशीन ट्रान्सलेशन वापरता का? वापरत असाल तर रेट कमी होईल ना?" म्हटलं, आधी फाइल बघू द्या. फाइल बघितल्यावर दिसलं की हे एक काम नाहीच, चार आहेत. धोक्याच्या सूचना, वापरायच्या पायऱ्या, ॲपच्या स्क्रीनवरचे छोटे छोटे शब्द, आणि वॉरंटी. पायऱ्या आणि वॉरंटीत मशीनचा ड्राफ्ट उपयोगी पडतो, कारण वाक्यं पूर्ण असतात आणि साचा ठरलेला असतो. स्क्रीनवरचे शब्द एकेकटे येतात, ते बटण आहे की शीर्षक हे माणसालाच स्क्रीनशॉट मागून बघावं लागतं, तिथे मशीन नुसते अंदाज करतं आणि ते निस्तरण्यात जास्त वेळ जातो. आणि धोक्याच्या सूचना मी मशीनला देतच नाही. त्याचं कारण जरा पुढे सांगते.

मग मी त्यांना मेल केला, तो जवळपास असा होता:

"वापराच्या पायऱ्या आणि वॉरंटी या दोन भागांत मी मशीनचा ड्राफ्ट घेऊन त्यातलं प्रत्येक वाक्य मूळ मजकुराशी ताडून पूर्ण दुरुस्त करीन. धोक्याच्या सूचना आणि ॲपचा मजकूर सुरुवातीपासून मी लिहीन. मशीनचा ड्राफ्ट फक्त तुम्ही मान्य केलेल्या पेड इंजिनमधून, मजकूर साठवला जाणार नाही अशा प्लॅनवर घेईन. फुकटच्या कुठल्याही साइटवर किंवा चॅटबॉटमध्ये यातला मजकूर टाकणार नाही, तपासण्यासाठीसुद्धा नाही. ट्रान्सलेशन मेमरी, ग्लॉसरी, डिक्शनरी आणि माझ्या कॉम्प्युटरवरचं स्पेलचेक यांना वेगळी परवानगी लागणार नाही. चारही भागांच्या अंतिम मजकुराची जबाबदारी माझी."

टूलची ती ओळ उगाच नाही घातलेली. तिच्याशिवाय "मशीन वापरायचं नाही" या वाक्याचा अर्थ जो तो आपल्या सोयीने लावतो, आणि कॅट टूलने, म्हणजे भाषांतरकार ज्यात काम करतात त्या सॉफ्टवेअरने, मेमरीतून आणून दिलेलं जुनं वाक्य हेसुद्धा मशीनचंच असं म्हणणारे क्लायंट मला भेटलेत. मी मर्यादा अशी घालते की जे टूल मूळ वाक्य घेऊन अख्खं नवीन वाक्य बनवून देतं ते मशीन ड्राफ्टिंग. मेमरीतलं वाक्य आधी कोणीतरी भाषांतरित करून मान्य केलेलं असतं, म्हणून ते वेगळं. अर्थात त्या मेमरीतच कोणी मशीनचं न तपासलेलं भाषांतर भरून ठेवलं असेल तर झालंच, पण ते भांडण वेगळं.

रेटचं म्हणाल तर मी एकदम आकडा देत नाही, आधी सॅम्पल मागते. इथे पायऱ्यांमधला ४०० शब्दांचा तुकडा घेतला, ठरलेल्या इंजिनमधून काढला, घड्याळ लावून दुरुस्त केला आणि मशीनची फाइल नि माझी फाइल शेजारी शेजारी ठेवून बाईंना पाठवली. बघितल्याबरोबर कळत होतं की एका वाक्यात "बटण दाबा", पुढच्यात "बटण दाबावे", त्याच्या पुढच्यात "आपण बटण दाबू शकता". मशीन बऱ्याचदा एकेक सेगमेंट, म्हणजे साधारण एकेक वाक्य, सुटा घेतं, मागे काय ठरलं हे त्याच्या लक्षात राहत नाही. हे दिसतं तरी, त्यामुळे दुरुस्त होतं. खरा त्रास न दिसणाऱ्या चुकांचा. मूळ सूचना अशी होती की बीपी मोजण्याआधी किमान ५ मिनिटं शांत बसा. मशीनचं वाक्य: "मोजण्यापूर्वी ५ मिनिटे शांत बसा." वाचायला गोड, व्याकरण चोख, फक्त "किमान" गायब. नुसतं मराठी वाचून ही चूक कोणालाही सापडणार नाही, कारण मराठी वाक्यात खटकण्यासारखं काही नाहीच. म्हणून मी आधी मूळ इंग्रजीत आकडे, नकार, "किमान", "फक्त", "शिवाय" असल्या सगळ्या अटी रंगवून घेते आणि मग एकेक मराठीत आहे का बघते. धोक्याच्या सूचनांमध्ये प्रत्येक वाक्य असल्याच अटींनी भरलेलं असतं, त्यामुळे तिथे ड्राफ्ट तपासायचे कष्ट लिहिण्याएवढेच पडतात, वर मशीनचं गुळगुळीत वाक्य डोळ्याला फसवतं ते वेगळंच. हे दोन फाइलींत दाखवल्यावर बाईंना समजावून सांगावं लागलं नाही. ठरलं असं की मशीन ड्राफ्टच्या भागांना ७० टक्के रेट, बाकीच्यांना पूर्ण, आणि ड्राफ्टच्या भागांत निम्म्याहून जास्त सेगमेंट नव्याने लिहावे लागले तर मी पुढे जायच्या आधी कळवायचं नि रेट पुन्हा बोलायचा. ही शेवटची अट जरूर घाला, नाहीतर इंजिन खराब निघालं की तोटा तुमचा एकटीचा.

आता कोणाला सांगायचं हा भाग. माझं बोलणं एजन्सीशी, एजन्सीचं त्या कंपनीशी. मी माझ्या क्लायंटला सांगायला बांधील आहे, त्यांच्या क्लायंटला मी परस्पर मेल करत नाही, पण मी लेखी विचारते की कंपनीला तुम्ही काय सांगितलंय. कारण कंपनीने भाषांतर सेवेच्या आयएसओ १७१०० या स्टँडर्डप्रमाणे काम मागितलेलं असेल तर मशीनचं कच्चं आउटपुट घेऊन ते दुरुस्त करणं, म्हणजे पोस्ट-एडिटिंग, त्या स्टँडर्डच्या कक्षेतच बसत नाही, त्यासाठी २०१७ चं आयएसओ १८५८७ हे वेगळं स्टँडर्ड आहे. एजन्सीने पहिल्याचं नाव लावायचं आणि काम दुसऱ्या पद्धतीने करून घ्यायचं, आणि उद्या बोभाटा झाला की "ट्रान्सलेटरने केलं" म्हणायचं, असं होऊ शकतं म्हणून तो मेल माझ्याकडे असलेला बरा. छापलेल्या मॅन्युअलवर वाचकासाठी काही लिहायचं की नाही हे कंपनीने ठरवावं. मात्र भाषांतरकार म्हणून माझं नाव छापणार असतील तर मशीनचा उल्लेख कसा करायचा यात माझं म्हणणं विचारात घ्या, एवढं मी सांगून ठेवते. पुस्तकाचं काम असेल तर हे अजून नाजूक, कारण करारात बहुतेक वेळा "हे भाषांतर माझं स्वतःचं आहे" अशी हमी असते आणि ती हमी तुम्ही सही करून देता, त्यामुळे तिथे प्रकाशकाची लेखी परवानगी नसेल तर मी ड्राफ्ट घेतच नाही.

आणखी एक गोष्ट हल्ली आधीच लिहून घ्यावी लागते, मजकूर एआयचा आहे का ते ओळखायचा दावा करणारे डिटेक्टर. क्लायंटकडचं कोणीतरी तुमचा मजकूर डिटेक्टरमध्ये टाकतं आणि "८० टक्के एआय" असा स्क्रीनशॉट पाठवतं. मॅन्युअलची भाषा मुळातच साचेबंद, माणसाने लिहिली तरी ती तशीच दिसणार, त्यामुळे असल्या आकड्याने काही सिद्ध होत नाही. मी मेलमध्ये घालते की डिटेक्टरचा निकाल पुरावा धरायचा नाही, वाद झाला तर द्विभाषिक फाइल बघायची. कॅट टूलच्या फाइलमध्ये सेगमेंट मेमरीतून आला, मशीनकडून आला की हाताने टाइप केला याची खूण ठेवायची सोय असते. एक्सलिफ १.२ या द्विभाषिक फाइलच्या फॉरमॅटमध्ये मशीनच्या सूचनेवर अशी खूण येऊ शकते:

```
<target state-qualifier="mt-suggestion">
```

सगळी टूल्स ही माहिती सारखी ठेवत नाहीत आणि दुरुस्ती केल्यावर काही ठिकाणी ती बदलते किंवा पुसली जाते, म्हणून मी मशीनचा मूळ ड्राफ्ट तारखेसकट वेगळा सेव्ह करून ठेवते, पेमेंट होईपर्यंत तरी.

उलटी तऱ्हाही असते. एका एजन्सीने "प्रूफरीडिंग" म्हणून फाइल पाठवली, रेटही प्रूफरीडिंगचा, आणि उघडून बघते तर पहिल्या पानापासून तेच दाबा-दाबावे-दाबू शकता. एकही सेगमेंट माणसाने बघितलेला नव्हता. अशा वेळी काम सुरू करायच्या आधी पाच-सहा वाक्यं काढून पाठवायची आणि सरळ विचारायचं की हा मशीनचा ड्राफ्ट आहे का, असेल तर ऑर्डरवर प्रूफरीडिंग खोडून पोस्ट-एडिटिंग लिहा आणि रेट त्याप्रमाणे करा. क्लायंटने मला सांगणं हेसुद्धा डिस्क्लोजरच आहे. त्या एजन्सीने दोन दिवस उत्तर दिलं नाही, मग रेट वाढवून नवीन ऑर्डर पाठवली, त्यावर काम मात्र "प्रूफरीडिंग"च लिहिलेलं होतं. ती मी परत पाठवली, दुरुस्त होऊन आल्यावरच फाइल उघडली.