घ्यायला उशीर, सोडायला घाई

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या एखादा टेबल लॅम्प मनात भरतो, तेव्हा घरात उजेड कमी असतो असं काही नाही. लॅम्प आधीचा असतोच. फक्त डोकं थकलेलं असतं, हातात फोन असतो आणि फोटोतल्या लॅम्पखाली बसलेला माणूस भलताच निवांत दिसतो. आपल्याला खरं तर तो निवांतपणा हवा असतो, पण तो विकायला नसतो. लॅम्प मात्र असतो.

1999 मध्ये ॲमेझॉनला अमेरिकेत एका क्लिकवर खरेदी करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. वरवर पाहता यात मोठं काही नाही. पत्ता आणि कार्डाचा नंबर दर वेळी भरायचा कंटाळा तेवढा वाचला. पण तो कंटाळा आपल्या बाजूचा होता! तो येईपर्यंत ‘जाऊ दे, उद्या बघू’ म्हणायला फुरसत मिळायची. म्हणून मी केलेलं पहिलं काम म्हणजे सेव्ह करून ठेवलेलं कार्ड सगळीकडून काढून टाकलं. आता कार्डासाठी उठून कपाटापर्यंत जावं लागतं. बऱ्याच वस्तूंची लायकी तेवढं उठण्याइतकीही नसते.

दुसरा नियम थांबण्याचा. वस्तू आवडली की ती वहीत लिहायची: तारीख, किंमत, आणि सध्या त्या कामासाठी आपण काय वापरतो. ॲपच्या विशलिस्टमध्ये टाकायची नाही, कारण ती यादी आपल्यापेक्षा दुकानदाराच्या जास्त उपयोगाची. ‘किंमत उतरली’, ‘तुमची वस्तू वाट बघतेय’ असे निरोप तिथूनच सुरू होतात आणि थंड होत आलेली इच्छा पुन्हा तापते. वही गप्प असते. लहानसहान वस्तूला दोन दिवस आणि खिशाला जाणवणाऱ्या वस्तूला महिना, एवढी मुदत मला पुरते. लॅम्पचंच बघा. दोन दिवसांनी वही उघडली, तर ‘सध्या काय वापरतो’ या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: जुना लॅम्प, बल्ब पिवळा. म्हणजे हवा होता बल्ब.

‘फक्त दोनच शिल्लक’ आणि उलटं धावणारं घड्याळ खास या मुदतीवर उठलेलं असतं. अशा वेळी तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये प्रायव्हेट विंडोत उघडून पाहावं. तिथे घड्याळ नव्याने पहिल्यापासून सुरू झालं, तर मुदत ऑफरला नसून आपल्याला आहे हे कळतं. अर्थात चार्जर जळला असेल, तर वही काढून बसण्यात अर्थ नाही. मोडलेल्या वस्तूच्या जागी तशीच वस्तू आणि औषधं यांना नियम लागू नाही. नाहीतर माणूस नियमालाच कंटाळतो आणि मग सगळंच सुटतं.

सबस्क्रिप्शनचं गणित नेमकं उलटं. तिथे थांबलं की पैसे जातात. फुकट ट्रायल घेतली की शेवटच्या दिवशी रद्द करू असं आपण ठरवतो, आणि तो दिवस नेमका धावपळीचा निघतो. म्हणून जी सुरू करायची, ती त्याच बैठकीत रद्दही करायची. पुष्कळ सेवा रद्द केल्यावरही मुदत संपेपर्यंत चालू राहतात. काही मात्र तिथल्या तिथे बंद होतात, त्यामुळे बटण दाबण्याआधी खालची बारीक ओळ वाचायची. तशी असेल, तर मुदतीच्या दोन दिवस आधीचा गजर लावायचा. शेवटच्या दिवसाचा नको, कारण काही ठिकाणी किमान 24 तास आधी रद्द करावं लागतं.

ॲप उडवलं म्हणजे वर्गणी थांबली, हा गैरसमज तर फार महागाचा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या आत Payments & subscriptions आणि आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली Subscriptions अशी यादी असते. मात्र थेट वेबसाइटवर कार्ड देऊन घेतलेलं तिथे दिसत नाही. ते त्या साइटवरच जाऊन बंद करावं लागतं, आणि तिथली वाट वाकडी असू शकते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 मध्ये ॲमेझॉनवर दावा लावला. प्राइम रद्द करण्याच्या लांबलचक प्रक्रियेला कंपनीत ‘इलियड’ म्हणत, असं त्यात नमूद होतं. ट्रॉयच्या युद्धाचं आख्खं महाकाव्य! आत यायला एक क्लिक आणि बाहेर पडायला महाकाव्य, तेही त्याच कंपनीकडून.

विसरलेली वर्गणी शोधायला एका महिन्याचं बँक स्टेटमेंट पुरत नाही. वार्षिक वर्गण्या त्यातून निसटतात, म्हणून पूर्ण बारा महिन्यांचं काढायचं. त्यात ॲपच्या नावाऐवजी भलत्याच कंपनीचं नाव असू शकतं. मग ती रक्कम आणि तारीख घेऊन ईमेलमध्ये पावती शोधायची. सापडली की रद्द करायचं, आणि ‘रद्द झाल्याची’ मेल येईपर्यंत ती खिडकी बंद करायची नाही.