हेल्मेटच्या पट्ट्याखालचे पिंपल्स आणि ती तीनशेची ट्यूब

मी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन ब्लड सॅम्पल घेते. सकाळी साडेपाचला धायरीतून निघायचं, सिंहगड रोड, वारजे, कोथरूड असं करत दुपारी बारापर्यंत १२-१४ घरं. गाडीवर हेल्मेट, आतून स्कार्फ (पुण्यातली मुलगी आणि स्कार्फ, वेगळं काय सांगायचं), पेशंटच्या दारात ते सगळं सोडून मास्क लावायचा, सॅम्पल घ्यायचं आणि खाली येऊन परत बांधायचं. सहा तासात हनुवटी उघड्या हवेत किती वेळ असते तर जिना चढताना, तेवढीच.

मागच्या एप्रिलमध्ये जबड्याला पिंपल्स यायला लागले. मला वाटलं पाळीच्या आधीचे असतील, ते पण हनुवटीलाच येतात ना. पण पाळी येऊन गेली तरी हे आपले तिथेच. एकदा मान वर करून मोबाईलवर खालून फोटो काढला तेव्हा कळलं, दोन्ही कानांखालून सरळ दोन पट्टे खाली येऊन हनुवटीखाली भेटत होते, दोन बोटं रुंद, हुबेहूब हेल्मेटच्या पट्ट्याएवढे, आणि बकल जिथे टेकतं तिथे सगळ्यात मोठे आणि दुखरे. कपाळ साफ, गाल साफ.

आता इथे डॉक्टरकडे जायला हवं होतं, मी गेले मेडिकलमध्ये. काकांनी ट्यूब दिली, "हे लाव, सगळ्या मुली हेच नेतात." तीनशेच्या आसपास होती. आणि खरं सांगते, चौथ्या दिवशी चेहरा असा गुळगुळीत की आईनेच विचारलं पार्लरला गेलीस का. तीन आठवड्यांनी ट्यूब संपली आणि दोन-तीन दिवसात जबडा लालबुंद, नुसतं पाणी लागलं तरी आग, आणि मग बारीक बारीक, सगळे एका मापाचे, मोहरीसारखे फोड. मला वाटलं औषध बंद केलं म्हणून आजार परत आला, म्हणजे औषध चांगलंच होतं! दुसरी ट्यूब आणली, मग तिसरी. अडीच महिने हा खेळ चालला, शेवटी शेवटी तर ट्यूब लावत असतानाच फोड यायला लागले.

स्किनच्या डॉक्टर मॅडमनी फोनवरच सांगितलेलं की आत्तापर्यंत जे जे लावलंस ते पिशवीत घालून घेऊन ये. त्यांनी माझी ट्यूब उलटी केली आणि मागचं मुंगीएवढं अक्षर मलाच मोठ्याने वाचायला लावलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. ते शेवटचं मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. खोक्यावर लाल रेघ पण होती, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही, आणि मी स्वतः लॅबमध्ये काम करते, मला हे दिसू नये? मॅडम म्हणाल्या, "स्टेरॉइड लाली आणि सूज दाबतं, छिद्र बुजलंय ते बुजलेलंच राहतं. क्रोसिन घेऊन ताप उतरला म्हणून टायफॉइड गेला असं तू पेशंटला सांगशील का?" वर रोज लावत राहिलं की कातडी पातळ होते आणि स्टेरॉइडमुळेच वेगळे फोड येतात, ते एका मापाचे आलेले ते हेच. स्टेरॉइडखाली नायटा पण लपून बसतो म्हणून त्यांनी कातडी हलकेच खरवडून स्लाइड बघितली, बुरशी निघाली नाही.

मूळच्या पट्ट्यातल्या पिंपल्सना त्यांनी ॲक्ने मेकॅनिका म्हटलं. घामाने आणि उबेने कातडी भिजून फुगते, छिद्राचं तोंड आवळतं, त्यावर पट्टा दिवसभर दाबतो आणि मान वळवली की घासतो. आतलं तेल बाहेर येत नाही आणि तिथे आधीपासून राहणारे जंतू त्यावर वाढतात. मळाचा फारसा संबंध नाही. म्हणजे मी दिवसातून पाचदा फेसवॉश आणि रविवारी अक्रोडाचा स्क्रब करत होते ते पट्ट्याचंच काम मी हाताने करत होते.

ट्यूब त्या दिवशीच बंद. पहिले तीन आठवडे पिंपल्सचं औषधच नाही, फक्त साधं क्लिन्झर दोनदा, वास नसलेलं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. हे तीन आठवडे सगळ्यात वाईट गेले, चेहरा टोमॅटो झालेला आणि हातात काहीच नाही, दोनदा तर मेडिकलच्या दारातून परत फिरले. मग रात्री अडापलीन ०.१ टक्के जेल, पूर्ण जबड्याला मिळून वाटाण्याएवढं आणि तेही दोन रात्री सोडून. मी शहाणपणा करून आठवडाभर रोज लावलं तर ओठांच्या कडेला पापुद्रे निघाले आणि मास्क लावला की चरचर, मग गपचूप परत दोन रात्री सोडून. (प्रेग्नन्सीत हे चालत नाही, मॅडमनी आधी तेच विचारलेलं.) महिन्याने सकाळचं बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के सुरू झालं. ते कपड्याचा रंग खातं हे मला सांगितलेलं होतं, मी ऐकलं नव्हतं, माझ्या आवडत्या मरून स्कार्फवर आता हनुवटीच्या आकाराचे केशरी ढग आहेत. तेव्हापासून पांढरा स्कार्फ.

पट्ट्याचं काय करायचं ते मात्र घरी सुचलं. हेल्मेटचं आतलं अस्तर काढून सौम्य साबणाच्या पाण्यात टाकलं तर पाणी कोऱ्या चहासारखं झालं. पट्टा घामाच्या मिठाने कडक पडला होता, तोही धुतला आणि सावलीत वाळवला. आईने जुन्या सुती ओढणीच्या सहा नळ्या शिवून दिल्या, पट्ट्यावर चढवायच्या, रोज एक धुवायला. बकलवर कापड येऊ द्यायचं नाही आणि जाड फोम तर नाहीच, पट्टा हनुवटीखाली पूर्वीइतकाच घट्ट बसला पाहिजे, दोन बोटं जेमतेम जातील इतका. सैल केला तर पिंपल्सचं माहीत नाही, नवले पुलावर हेल्मेट आधी उडेल. मास्क ओला लागला की बदलते, बॅगेत तीन असतात.

दोन महिन्यांपर्यंत काही खरं वाटत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात नवीन येणं जवळजवळ थांबलं, काळे डाग अजून आहेत, ते जायला आणखी काही महिने लागतील म्हणे.

मग गंमत झाली. आमच्याकडच्या एका दादाला पण पट्ट्याखाली झालं, मी लगेच माझं ज्ञान पाजळलं. पण त्याला दुखत नव्हतं, नुसती खाज, पाण्याचे बारीक फोड आणि खवले, एकही ब्लॅकहेड नाही, आणि फक्त बकलखालच्या रबरी पट्टीच्या जागी. तो त्याच मॅडमकडे जाऊन आला, त्यांनी रबराची ॲलर्जी सांगितली, ती पट्टी बदलायला लावली आणि एक क्रीम दिलं. मी चिठ्ठी वाचली तर हायड्रोकॉर्टिसोन! मी म्हटलं दादा थांब, हे स्टेरॉइड आहे, लावू नकोस. त्याने तिथल्या तिथे मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "या ॲलर्जीला तेच लागतं. सौम्य आहे, पाच दिवस लाव, मग बंद. आणि तिला सांग, तुझं क्रीम तिने मागायचं नाही."