जोडाघरातली फतेह

नांदेडच्या सचखंड हजूर साहिबला निघालेल्या माणसाला घरचे दोन गोष्टी सांगून धाडतात: डोक्याला रुमाल बांध आणि लंगरमध्ये ताटात काही टाकू नकोस. तिसरी गोष्ट कुणीच सांगत नाही, आणि दारात पाऊल ठेवल्याबरोबर गरज पडते ती नेमकी तिचीच. जोडाघराच्या खिडकीत चपला द्यायला हात पुढे केला की पलीकडचा सेवादार हात जोडतो आणि म्हणतो, "वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह." पुढचे तीन सेकंद आपले असतात.

या तीन सेकंदांत आपली मंडळी काय काय करतात, हे त्या रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर व्यवस्थित कळतं. निम्मे लोक नुसते बघत राहतात आणि टोकन घेऊन पुढे सरकतात. काही "हां हां" म्हणतात. पुढच्या एका टोळक्यातल्या गृहस्थांनी छाती काढून "जय महाराष्ट्र!" ठोकलं आणि मित्रांकडे वळून हसले. सेवादारही हसला आणि त्यांच्या मातीने माखलेल्या चपला दोन्ही हातांनी उचलून फळीवर ठेवल्या. तो रागावला नाही, तिथे कुणी रागावत नाही. म्हणूनच जास्त चीड येते. समोरच्याने हात जोडून आपलं सगळ्यात मोलाचं वाक्य पुढे केलंय, आणि आपण त्याला आपली घोषणा ऐकवतोय!

मग म्हणायचं काय? शिखांमध्ये या अभिवादनाला 'फतेह बुलवणं' म्हणतात, आणि त्याचं उत्तर म्हणजे तेच वाक्य, पुरतं, पुन्हा. पहिला अर्धा एकाने म्हणायचा आणि दुसरा अर्धा दुसऱ्याने, असा तो प्रकार नाही. बरेच पाहुणे समोरचा "खालसा"पर्यंत आला की घाईने "की फतेह" जोडून देतात, आणि मग दोघंही एकाच वेळी बोलून गप्प होतात. त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यावं, मग आपण बोलावं.

पण शीख नसलेल्याने हे पूर्ण वाक्य म्हणावं का, हा प्रश्न उरतोच. हे अभिवादन खालशाचं आहे, 1699 साली आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी उभ्या केलेल्या पंथाचं. अमृत घेतलेले शीख ते एकमेकांना रोज म्हणतात. बाहेरच्याने म्हटलं तर मनाई नाही, उलट कौतुकच होतं. मात्र ज्याला ते तोंडात घालायला अवघडल्यासारखं होतं, त्याने बळेच म्हणू नये. त्याच्यासाठी सरळ वाट आहे: हात छातीशी जोडायचे, मान किंचित झुकवायची आणि "सत श्री अकाल जी" म्हणायचं. तेवढं पुरतं. आवाज समोरच्याच्या आवाजाइतकाच ठेवायचा. त्यापेक्षा मोठा काढला की नाटक वाटतं, आणि पुटपुटलं तर टाळल्यासारखं दिसतं.

यातही एक बारकावा आहे, तो माहीत नसला की माणूस उगाच ओशाळतो. तुम्ही "सत श्री अकाल" म्हणालात आणि समोरच्या वयस्कर सिंगांनी पुन्हा पूर्ण फतेह म्हटली, तर त्यांनी तुम्हाला दुरुस्त केलं असं समजायचं कारण नाही. 'सत श्री अकाल' हा मुळात जयकाऱ्याचा उत्तरार्ध. "जो बोले सो निहाल" अशी हाक एकाने द्यायची आणि सगळ्या संगतीने "सत श्री अकाल" म्हणून ती झेलायची. रोजच्या बोलण्यात ते नमस्कारासारखं रुळलं, पण जुन्या वळणाचे अमृतधारी अभिवादनाला अभिवादन म्हणून फतेहच म्हणतात. त्यांच्या दृष्टीने तुमचं उत्तर पोचलेलं असतं, ते फक्त आपल्या रीतीने बोलतात. तिथे "सॉरी, मला माहीत नव्हतं" सुरू करू नका. हात जोडलेले ठेवा, हसा, पुढे व्हा. मागे रांग असते.

सिनेमा बघून आलेल्यांची गोष्ट निराळी. त्याच रांगेत एका तरुणाने सेवादाराच्या फतेहला उत्तर म्हणून चढ्या आवाजात "बोले सो निहाऽऽल" ठोकलं. आता जयकारा कानावर पडला की उत्तर देणं हे ऐकणाऱ्या शिखाचं कर्तव्यच. त्यामुळे चपला देणारी आजी, टोकन शोधणारे काका, आतला सेवादार, सगळ्यांनी हातातलं काम थांबवून "सत श्री अकाल" म्हटलं. मुलाला गंमत वाटली आणि तो दुसऱ्यांदा तयारीत होता, तेवढ्यात त्याच्या आईने दंड धरून त्याला पुढे ओढलं. त्या माउलीचे आभार. जयकाऱ्याला जागा असते: अरदास म्हणजे सामूहिक प्रार्थना संपल्यावर, कार्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी, मिरवणुकीत. तो ज्याने द्यायचा तो देतो. पाहुण्याने उत्तरात सामील व्हावं, सुरुवात करू नये.

आत गेल्यावर तर बहुतेक वेळ काहीच बोलायचं नसतं. पाठ किंवा कीर्तन चालू असताना ओळखीचा माणूस दिसला तरी नुसते हात जोडतात. अरदास सुरू झाली की सगळे उठून हात जोडून उभे राहतात, आपणही राहायचं. ती संपते तेव्हा माथा टेकतात, मग संगत एका सुरात फतेह म्हणते आणि जयकारा होतो. इथे मात्र आवाज मिसळायला काहीच हरकत नाही, कारण हाक सगळ्यांना उद्देशून असते. कडाह प्रसाद वाटणाऱ्याला "थँक्यू" म्हणणारे दिसतात, त्याची गरज नसते. बसून दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायची, तोच होकार आणि तेच आभार. तूप भरपूर असतं, हात पुसायला रुमाल दुसरा ठेवा. डोक्यावरचा काढू नका.

लंगरमध्ये अभिवादनाची आणखी एक तऱ्हा. वाढणारा "परशादा जी, वाहेगुरू" म्हणत पोळ्यांची टोपली घेऊन येतो. इथे "वाहेगुरू"ला वेगळं उत्तर द्यायचं नसतं, दोन्ही तळवे वर करून पोळी हातात झेलायची. एका हाताने घेतली की वाढणारा क्षणभर थांबतो, बोलत काही नाही. नको असेल तर ताटावर हात आडवा धरून "बस जी". नुसतं "नको, नको" करत डोकं हलवणाऱ्यांच्या ताटात डाळ पडून जाते आणि मग ती संपवावी लागते. डाळ चांगली असते ही गोष्ट अलाहिदा.

संबोधनाबद्दलही बोललं पाहिजे. "पाजी" प्रत्येकाला लावू नये. सारख्या वयाच्या पुरुषाला "वीरजी", बाईला "बहेनजी", म्हाताऱ्या माणसाला "बाबाजी" म्हटलं की कुठे अडत नाही. बायकांसाठी अभिवादनाचे शब्द तेच, त्यात फरक नाही. हस्तांदोलनासाठी हात मात्र पुढे करू नये, पुरुषांच्या बाबतीतही त्यांनी आधी केला तरच.

आता नांदेडची खास गंमत. इथले कितीतरी शीख पिढ्यानपिढ्या दख्खनचे आहेत. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात आजचं तख्त बांधून घेतलं, त्या आणि त्यानंतरच्या काळात आलेली माणसं इथलीच झाली. गुरुद्वाऱ्यासमोरच्या गल्लीत कडी-कृपाण विकणारे सिंग गिऱ्हाइकाशी अस्सल मराठवाडी मराठीत घासाघीस करतात. त्यांना गाठून मोडक्या हिंदीत "आप पंजाब में किधर के?" विचारणारे पाहिले की कपाळाला हात लावावासा वाटतो. असा माणूस स्वतःहून फतेह म्हणाला तर वर सांगितलं तसं उत्तर द्या. तो "या, बसा" म्हणाला तर "नमस्कार" म्हणा आणि मराठीतच बोला. त्याच्या पगडीकडे बघून तुम्ही आपणहून अभिवादन बदललंत, तर तुम्ही त्याला परका ठरवता. आणि ज्यांना वाटतं की आपला आणि या दरबाराचा संबंध पर्यटकाचा, त्यांच्या माहितीसाठी: गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत, आणि त्यांचं नरसी गाव शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात आहे.

 

खोलीचं मात्र आधी बघून ठेवा. यात्री निवास बरीच आहेत, पण दसरा, दिवाळी आणि होला मोहल्ल्याच्या दिवसांत व्हरांडेसुद्धा भरतात, आणि त्या गर्दीत कितीही आपुलकीने अभिवादन केलं तरी खाट मिळत नाही. व्हॉट्सॲपवर चौकशी केली की उत्तराच्या सुरुवातीला बहुधा `WJKK WJKF` अशी अक्षरं येतात. तो कुठला कोड किंवा बुकिंग नंबर नव्हे, ती फतेहच आहे, आद्याक्षरांत. परत पाठवताना आद्याक्षरं न वापरता "सत श्री अकाल जी" लिहावं आणि मग तारखा, माणसं किती ते. आद्याक्षरं ही आपसातली सवय आहे. बाहेरच्याने तीच टाकली की ओळख नसताना सलगी केल्यासारखं होतं. अर्थात हे माझं मत, दुसऱ्या कुणाला तसं वाटणार नाही.

निघताना जोडाघरात टोकन परत दिलं की पुन्हा तेच वाक्य, कारण निरोपालाही फतेहच म्हणतात. त्यामुळे "बाय" किंवा "अच्छा जी" शोधत बसू नका, येताना दिलेलं उत्तर जातानाही चालतं. सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरकडे जाणार असाल, तर वाटेत काही स्टेशनांवर सेवादार लंगर घेऊन डब्याशी येतात. भांडं आपलं लागतं, आणि गाडी फार वेळ थांबत नाही. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने दाराची दांडी, अशात हात जोडता येत नाहीत. तेव्हा आधी डबा पुढे करा, "सत श्री अकाल जी" तो भरता भरता म्हणा, आणि मागच्या माणसाला जागा द्या.