व्हील घेण्याआधी एकदा ब्रेककडे बघा

"दादा, रेसिंग गेम्स नुकतेच सुरू केलेत, सध्या कंट्रोलरवर खेळतो. व्हील घेतलं की खरंच फरक पडतो का? की आधी कंट्रोलरवरच शिकू?"

सध्या कंट्रोलरवरच शिक. आणि पुढे कधी पैसे खर्च केलेस तर ते ब्रेकच्या पेडलसाठी करतोयस असं समजून कर, गोल फिरणारं व्हील त्याच्यासोबत येतं असं धर. हे असं का म्हणतो ते नीट सांगतो, कारण मी स्वतः उलट्या क्रमाने गेलो आणि सगळ्यात जास्त काय बदललं ते मला फार उशिरा कळलं.

आधी कोणता गेम खेळतोस ते बघ. फोर्झा होरायझन किंवा नीड फॉर स्पीड असेल तर विषय इथेच संपला, ते गेम कंट्रोलर गृहीत धरूनच बनवलेत आणि व्हीलवर ते बरेचदा जास्त अवघड जातात. मी पुढे जे बोलतोय ते असेट्टो कोर्सासारख्या सिम्युलेटरबद्दल आहे, आणि उदाहरण पण त्यातलंच घेतो: इटलीतलं मोंझा सर्किट आणि टाटुस एफए०१ ही छोटी उघड्या चाकांची फॉर्म्युला गाडी. गाडी फार पॉवरफुल नाही पण हलकी आहे, पुढे-मागे विंग आहेत आणि एबीएस नाही. शिकायला यासारखी गाडी नाही, कारण तुझ्या चुका ती झाकत नाही.

कंट्रोलरवर खेळताना एक गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे अर्धं स्टिअरिंग गेम करत असतो. अंगठ्याखालची ती काडी जेमतेम इकडून तिकडे हलते आणि नेहमीचं व्हील 900 डिग्री फिरतं, म्हणजे अडीच पूर्ण फेरे. आता काडी पूर्ण डावीकडे ढकलली की चाकं पण झटकन पूर्ण वळली असं झालं तर 200 च्या स्पीडला गाडी पहिल्याच वळणावर गोल फिरेल, म्हणून गेम मध्ये पडतो. स्पीड जास्त असेल तर चाकं किती वळू द्यायची ते कमी करतो, वळण्याचा वेग पण ठरावीक ठेवतो, अंगठ्याची थरथर गाळून टाकतो. असेट्टो कोर्साच्या कंट्रोल सेटिंगमध्ये स्पीड सेन्सिटिव्हिटी, स्टिअरिंग स्पीड, फिल्टर, गॅमा ही जी नावं दिसतात ती याच कामाची आहेत. म्हणूनच व्हील आणल्यावर पहिल्या आठवड्यात जवळपास सगळेच स्लो होतात. माझा मोंझाचा लॅप टाइम चार सेकंदांनी वाढला होता, आणि मला वाटलं पीस खराब आहे. पीस चांगला होता, फक्त तो मदतनीस निघून गेला होता आणि त्याचं काम आता माझ्या हातांना करायचं होतं.

मग व्हील देतं काय? फोर्स फीडबॅक, म्हणजे आतली मोटर व्हीलवर जोर लावून टायरचं काय चाललंय ते हाताला सांगते. लोकांना वाटतं फोर्स फीडबॅक म्हणजे थरथर, ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चढलो की हातात धडधड. ती धडधड मला फार महत्त्वाची वाटत नाही. खरी गोष्ट अशी आहे की वळताना पुढच्या टायरवर बाजूने जो जोर येतो तो टायर जिथे रस्त्याला टेकलाय त्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर लागत नाही, थोडा मागे लागतो, म्हणून टायर स्वतःला सरळ करायला बघतो आणि व्हील तुझ्या हातात जड लागतं. जसं जास्त वळवत जाशील तसं जड होत जातं. पण टायर ग्रिपच्या टोकाजवळ आला की तो जोर मध्याकडे सरकतो, सरळ होण्याची ओढ कमी होते आणि व्हील अचानक हलकं पडतं. आणि हे हलकं पडणं ग्रिप पूर्ण संपण्याच्या *आधी* सुरू होतं! म्हणजे पुढचा भाग बाहेर सरकायच्या आधीच हाताला निरोप मिळतो.

मोंझाचं शेवटचं वळण, पाराबोलिका, लांबलचक उजवं वळण आहे, तिथे हे सगळ्यात छान कळतं. आत शिरलास, व्हील जड आहे, छान. थोडं अजून वळवलंस, अजून जड. अजून वळवलंस आणि ते एकदम लोण्यासारखं मऊ झालं, म्हणजे आता अजून वळवून काही मिळणार नाही, उलट थोडं सरळ कर नाहीतर थ्रॉटल जरा सोड. कंट्रोलरवर हेच तुला डोळ्यांनी कळतं, गाडीचं नाक वळणाच्या बाहेर जाताना दिसतं तेव्हा, आणि तोवर उशीर झालेला असतो.

मागची चाकं घसरली तरी तसंच. मागचा भाग बाहेर आला की पुढची चाकं आपोआप गाडी ज्या दिशेने सरकतेय तिकडे वळायला बघतात, व्हील हातात स्वतःहून उलट फिरायला लागतं. ते धरून ठेवायचं नाही, जाऊ द्यायचं, आणि मग पकडायचं. इथे व्हीलच्या मशीनचा फरक पडतो. स्वस्त व्हीलमध्ये मोटर आणि मध्ये गिअर असतात, जोर साधारण 2 न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि मधोमध एक मेलेली जागा असते जिथे काहीच जाणवत नाही. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये व्हील थेट मोटरच्या दांड्यावर बसतं, त्यातली सुरुवातीची मॉडेल्स पण 4-5 न्यूटन-मीटरची असतात आणि निरोप लगेच पोचतो. पण गिअरवाल्यावर शिकता येत नाही असं अजिबात नाही, फक्त सेटिंग नीट पाहिजे.

सेटिंगमधली एकच चूक सांगतो कारण ती सगळे करतात: गेन, म्हणजे फोर्स फीडबॅकचा एकूण जोर, फुल. जास्त जोर म्हणजे जास्त रिअल असं वाटतं ना. पण मोटरला जेवढं जमतं त्याच्या वर गेमने मागितलं की वरचं सगळं कापलं जातं, त्याला क्लिपिंग म्हणतात. आणि कापलं काय जातं, तर जड असताना अजून जड होणं आणि मग हलकं पडणं, म्हणजे नेमका तो पाराबोलिकावाला निरोप. व्हील पूर्ण वळणभर एकसारखं दगडासारखं राहिलं तर समज क्लिपिंग होतंय. असेट्टो कोर्सात पेडल्स नावाचं छोटं ॲप स्क्रीनवर लावता येतं, त्यात फोर्स फीडबॅकची दांडी असते, ती लांब वळणात लाल होत राहिली तर नंपॅडवरचं - दाबत गेन खाली आण. कर्बवर क्षणभर लाल झाली तर चालतं.

आता ब्रेक. मोंझाच्या सरळ पट्ट्यावरून ही गाडी 200 च्या पुढे जाते आणि मग पहिली शिकेन, उजवं-डावं, एकदम हळू. तू ट्रिगर पूर्ण दाबतोस. सुरुवातीला स्पीडमुळे विंग गाडीला खाली दाबून धरतात, टायरना भरपूर ग्रिप असते, एवढा ब्रेक सहन होतो. पण स्पीड उतरतो तसा तो दाब पण उतरतो, आणि दोनशेला जो ब्रेक बरोबर होता तोच शंभरला टायर लॉक करतो. टायर लॉक झाला, म्हणजे चाक फिरायचंच थांबलं, की व्हील कितीही वळव, गाडी सरळ जाते, शिकेनच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत. म्हणून ब्रेक एकदम जोरात लावायचा आणि स्पीड कमी होईल तसा तो हळूहळू *सोडत* जायचा, आणि शेवटचा थोडासा ब्रेक वळायला लागल्यावर पण ठेवायचा म्हणजे वजन पुढच्या चाकांवर राहतं आणि नाक आत येतं. सगळा वेळ या सोडण्यात आहे.

हे ट्रिगरवर करून बघ. बोटाखालचा प्रवास जेमतेम सेंटीमीटरभर, त्यात शंभरवरून सत्तर, सत्तरवरून चाळीस, मग वीस. जमतं, पण दर वेळी तसंच जमत नाही. पायाला जागा जास्त मिळते म्हणून ते सोपं होतं. त्यातही दोन प्रकार आहेत: साधं पेडल किती *खाली गेलं* ते मोजतं, लोड सेलवालं किती *जोर दिला* ते मोजतं. पायाला जागा लक्षात राहत नाही, जोर लक्षात राहतो, खऱ्या गाडीतही आपण ब्रेक जोरावरच लावतो. मी लोड सेल पेडल घेतलं त्या महिन्यात माझा बेस्ट लॅप फारसा सुधारला नाही, पण दहा लॅपमधले सात-आठ एकमेकांच्या अर्ध्या सेकंदात यायला लागले, आधी दोन-तीन येत होते.

फक्त लोड सेलला खरा जोर लावावा लागतो, आणि आपल्या घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर पेडल सरकतं, चाकांची खुर्ची मागे पळते. पेडलच्या मागे भिंत पाहिजे, आणि खुर्चीच्या चाकांखाली जुने बूट घातले तर ती हलत नाही. टेबल पण जड पाहिजे, प्लायचं हलकं टेबल क्लॅम्पसकट डोलतं आणि मग फोर्स फीडबॅकचं अर्धं टेबलच खातं. हा खर्च आणि ही जागा आधी मोज, व्हीलची किंमत नंतर.

तर तू असं कर. हीच गाडी, हेच ट्रॅक, कंट्रोलर, ऑटो ब्रेकिंग आणि स्टॅबिलिटीची मदत बंद, आणि तीन आठवडे दुसरं काही चालवू नकोस. पहिल्या शिकेनला बाजूला अंतराच्या पाट्या आहेत, एकच पाटी पकडून तिथेच ब्रेक लाव, रोज. रिप्लेमध्ये बघ की गाडी चुकते कुठे. ब्रेक उशिरा लावल्यामुळे किंवा थ्रॉटल लवकर दिल्यामुळे चुकत असेल तर ते कंट्रोलरवरच सुधारतं, व्हील त्यात काही करणार नाही. पण ब्रेक कुठे लावायचा ते पक्कं झालंय, लॅप एकमेकांच्या एक सेकंदाच्या आत येतायत, आणि तरी शिकेनला ब्रेकच्या शेवटच्या वीस टक्क्यांत बोट साथ देत नाहीये असं जाणवायला लागलं, तर हो, आता घे.

सेकंडहँड घेणार असशील तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन लावून बघ. पेडलवरून पाय काढ आणि स्क्रीनवरची ब्रेकची दांडी बघ. पाय नसताना ती फडफडत असेल तर पेडल किती खाली गेलं ते मोजणाऱ्या आतल्या पोटेन्शिओमीटरमध्ये धूळ गेलीय किंवा तो झिजलाय. साफ करून बरेचदा सुटतं, पण ते दाखवून किंमत कमी करून घे. मग व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरव, कुठे खडखड किंवा अडकल्यासारखं लागलं तर ते राहू दे, दुसरं बघ.