सेक्रेटरी काकांची ती नोटीस

सोसायटीचं वार्षिक संमेलन जवळ आलं की आम्ही सगळी पोरं जिन्याखालच्या नोटीस बोर्डाकडे डोळे लावून बसायचो, कारण नाच-गाणी तर दरवर्षी असायचीच पण "आपली सोसायटी, आपली कल्पना" ही स्पर्धा सेक्रेटरी काकांनी सुरू केली आणि संमेलनाची मजाच वाढली. नोटीस काकांच्या हातची, निळ्या पेनाने लिहिलेली. एका पानावर एकच कल्पना, पानावर नाव नाही फक्त नंबर, नावांची यादी काकांकडे बंद पाकिटात, आणि ज्याच्या घरातून कल्पना आली त्याने त्या वर्षी परीक्षक व्हायचं नाही. बस, एवढंच!

सुरवातीला परीक्षक मार्क द्यायचे, किती घरांना उपयोग, खर्च किती, आणि करायला सोपं का, प्रत्येकी पाचपैकी. एका वर्षी शेवटी तीन कल्पना उरल्या: जिन्यातले दिवे माणूस आल्यावरच लागतील असा सेन्सर, शिडी-ड्रिल मशीन अशा वस्तूंचं सगळ्यांसाठी एक कपाट, आणि पार्किंगच्या नव्या रेषा. दोन परीक्षकांनी कपाटाला पहिलं ठेवलं, पण त्यांचे मार्क १३, १४, १२ असे चिकटून चिकटून. तिसऱ्यांचा हात मात्र मोकळा, त्यांनी सेन्सरला १५ आणि कपाटाला थेट ५ दिले. बेरीज केली तर सेन्सर ४०, कपाट ३२! म्हणजे दोघांचं मत एका माणसाच्या मोठ्या फरकाखाली दबून गेलं. कोणी लबाडी केली नव्हती हो, प्रत्येकाची मार्क द्यायची सवय वेगळी असते ना.

पुढच्या वर्षीच्या नोटीशीत काकांनी मार्कच काढून टाकले. "परीक्षकांनी फक्त पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर लावावेत, नंबरांची बेरीज सर्वात कमी तो विजेता, बरोबरी झाल्यास ज्याला जास्त पहिले नंबर तो." आम्ही लगेच जुन्या कागदांवर हिशोब करून बघितला, सेन्सर २, २, १ म्हणजे ५, कपाट १, १, ३ म्हणजे पण ५, आणि बरोबरीच्या नियमाने कपाट वर! मला तर ते फारच भारी वाटलं होतं, शाळेतल्या बेरजेचा असाही उपयोग असतो.

मग कल्पना खूप यायला लागल्या तेव्हा नंबर लावताना परीक्षकांची दमछाक व्हायची, वरच्या दोन-तीन पटकन ठरायच्या पण सातवी कोण आणि आठवी कोण हे कोणालाच धड सांगता यायचं नाही. म्हणून काका आधी सगळ्यांसमोर पानं वाचून दाखवायचे, हात वर करून पाच निवडल्या जायच्या आणि नंबर फक्त त्या पाचांना. पाकीट मात्र निकाल फळ्यावर लिहून झाल्यावरच उघडायचं, आणि त्या क्षणी कोणाचं नाव निघतंय म्हणून अख्खा हॉल उभा राहायचा.