पाच मिनिटं बारा सेकंद

बुधवार, रात्री साडेदहा

दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी एक मीम टाकलं. वर ओळ होती, ‘मैत्रिणीची पाच मिनिटांची व्हॉइस नोट आली की मी’. खाली एक बाई चहाचा कप, बिस्किटांचा पुडा आणि पाठीला उशी अशी जय्यत तयारी करून बसलेली. त्याखाली ‘पॉडकास्टचा नवा भाग आला वाटतं’ वगैरे नेहमीचे शेरे पडले. आमच्या अकाउंट्सवाल्या काकांनी मात्र लिहिलं, ‘हे कीर्तन आहे. पूर्वरंग संपला की उठवा मला, उत्तररंगाला येतो.’ यावर मी खरंच मोठ्यांदा हसले. त्या वेळी माझ्या फोनमध्ये सकाळी आलेली 5:12 ची नोट तशीच पडून होती.

नाशिकच्या मैत्रिणीची. कॉलेजपासूनची. हिच्याकडून एक मिनिटाच्या आतली नोट आली तर मला आधी काळजी वाटते, काही झालं की काय.

मीममध्ये नेहमी लांबीची थट्टा असते, पण मला लांबीचं फारसं काही वाटत नाही. फोनवर आम्ही तासभर बोलतो आणि तेव्हा घड्याळाकडे बघतही नाही. नोटेची गोची वेगळीच आहे. लिहिलेला मेसेज आला की वरच्या पट्टीत अर्धी ओळ दिसते, त्यावरून घाई आहे की नाही ते ठरवता येतं. नोट आली की दिसतं फक्त माइकचं चित्र आणि 5:12. आत लग्नाची बातमी आहे, कोणाच्या आजारपणाची आहे की मोलकरणीने पुन्हा दांडी मारल्याची, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. उघडायचं तर पूर्ण उघडायचं.

आणि उघडलं की पुढचीला कळतं. निळ्या टिका मी केव्हाच बंद करून ठेवल्यात, नातेवाईकांच्या ग्रुपांनी ती वेळ आणली. पण त्या सेटिंगचा व्हॉइस नोटेवर काही परिणाम होत नाही. नोट ऐकली की पाठवणाऱ्याकडचा करडा माइक निळा होतो, आणि हे बंद करायची सोय व्हॉट्सॲपने दिलेलीच नाही. म्हणजे वाचून न वाचल्यासारखं करता येतं, ऐकून न ऐकल्यासारखं नाही. माझी धाकटी जाऊ यावर एक युक्ती करते. आलेली नोट ती स्वतःलाच फॉरवर्ड करते आणि त्या चॅटमध्ये ऐकते. मूळ नोट न ऐकलेलीच राहते, त्यामुळे तिकडे माइक करडाच. युक्ती चालते, पण मैत्रिणीशी असली हेरगिरी मला जमत नाही. तर मग ‘ऐकलंस ना? मग बोलली का नाहीस?’ हा प्रश्न येतोच. प्ले दाबायला मिळतील पाच मिनिटं, पण त्यानंतर लगेच उत्तर द्यायला दहा मिनिटं कुठून आणायची, खरी धाकधूक त्याची असते.

सकाळी फास्ट लोकलमध्ये ऐकायचं ठरवलं होतं. डोंबिवलीला चढल्यावर पर्समध्ये हात घातला तर इयरफोन घरी चार्जिंगला. फोन कानाला लावून ऐकता येतं, तसं केलं की आवाज स्पीकरवरून कानाच्या बाजूला जातो. पण फोन कानापासून जरा हलला की तो परत स्पीकरवर, तोही पूर्ण आवाजात. लेडीज डब्यात सकाळी हात कुठे आणि कान कुठे याचा पत्ता नसतो. एकदा अशाच गर्दीत तिचं ‘तुझ्या सासूबाई काय म्हणतात गं, अजून तसंच?’ हे वाक्य अर्ध्या डब्याने ऐकलं होतं आणि शेजारच्या अनोळखी बाईने मला विचारलं होतं, ‘कसंच?’ तेव्हापासून इयरफोनशिवाय तिची नोट लावायची नाही, हा नेमच करून टाकलाय.

लंच टाइमला वेळ होता, पण तेव्हा सगळ्या टेबलाभोवती असतात. कानात बोंड घालून बसलं की ‘काय, घरी भांडण?’ सुरू होतं. संध्याकाळी परतीच्या गाडीत आपण फक्त उभे असतो, बाकी काही उरलेलं नसतं. तर ती 5:12 दिवसभर माझ्याबरोबर फिरून घरी आली.

शेवटी ऐकली लसूण सोलताना. माझ्या मते व्हॉइस नोट ऐकायची हीच वेळ. हात गुंतलेले, डोळे जवळजवळ रिकामे, कान मोकळे. सासूबाई बाहेर मालिका बघत होत्या, एक इयरफोन कानात, दुसरा मोकळा, कुकरच्या शिट्ट्या मोजायला.

तिच्या नोटेला एक ठरलेली चाल असते. पहिला अर्धा मिनिट: ‘अगं ऐक, थोडक्यात सांगते. थांब हं. दादा, पुढच्या सिग्नलला डावीकडे.’ म्हणजे रिक्षात आहे. मग साधारण दीड मिनिटापर्यंत ती का रिक्षात आहे याचं कारण, स्कूटर बिघडल्यापासून. मग उतरली. सुट्ट्या पैशांवरून रिक्षावाल्याशी बोलणं झालं, ते मीही ऐकलं. तिथून भाजी. ‘कशी दिली वांगी? चाळीस? पावशेर?’ हे माझ्यासाठी नव्हतं, पण मी मनातल्या मनात म्हटलं, सोड, महाग आहेत. तिने घेतली.

इथे सगळे काय करतात ते मला माहीत आहे. वेग वाढवतात. दीडपट आणि दुप्पट वेगाची सोय 2021 मध्ये आली आणि तेव्हापासून निम्मी मीमं त्यावरच आहेत, मैत्रीण खारीसारखी बोलतेय वगैरे. मीही दीडपट लावते, वांग्यांपर्यंत हरकत नाही. दुप्पट मात्र नाही. ती मुळातच भरभर बोलते, दुप्पट केलं की ‘आईला नेलं’ आणि ‘आई नाही आली’ यांतला फरक कळेनासा होतो. शिवाय वेग वाढला की शब्दांबरोबर मधल्या थांबण्यांनाही कात्री लागते.

तिसऱ्या मिनिटाला तिने ‘असो’ म्हटलं. तिचं ‘असो’ आलं की लसूण बाजूला ठेवायचा, कारण मूळ मुद्दा तिथून सुरू होतो. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शुक्रवारी आहे. पहिल्या वेळी भाऊ होता, या वेळी तो बाहेरगावी. ऑपरेशन साधं आहे, त्याच दिवशी घरी सोडतात, हे ती मला दोनदा सांगून स्वतःलाच समजावत होती. मग म्हणाली, ‘आई म्हणते, तू उगीच रजा नको टाकूस, मी एकटी राहीन.’ आणि पुढे नुसता रस्त्याचा आवाज. दीडपट वेगात ती जागा इतकी लहान झाली की मला वाटलं, नोट तुटली. बोटाने मागे घेतली, वेग साधा केला, परत ऐकली. ती थांबली होती. नाक ओढलं, मग म्हणाली, ‘एकटी राहीन म्हणे.’

खरा प्रश्न 4:40 नंतर. शनिवारी तिच्या शाळेत पालकसभा आहे, वर्गशिक्षिका तीच, सुट्टी मिळणार नाही. तर दुपारपर्यंत मी आईजवळ येऊन बसेन का? डोळ्यात थेंब घालायचे, वाकू द्यायचं नाही, डोळा चोळू द्यायचा नाही, एवढंच. ‘नाही जमलं तर मोकळेपणाने सांग हं. चल, ठेवते. वांगी भरून करतेय आज.’

म्हणजे प्रश्न होता शेवटच्या अर्ध्या मिनिटात, आणि शनिवार होता तीन दिवसांवर. हेच तिने टाईप केलं असतं तर मी लोकलमध्येच ‘येते’ म्हणून मोकळी झाले असते. पण ती टाईप कधी करणार? सकाळी मुलाला सोडून शाळा गाठेपर्यंतची वीस मिनिटं तिची स्वतःची, तीही रिक्षात, एका हातात पिशवी. मराठी कीबोर्डवर जोडाक्षरं शोधत बसण्यापेक्षा बोलणं सोपं. आणि टाईप केलं असतं तर ‘शनि. येशील का? आईचं ऑपरेशन’ एवढंच आलं असतं. एकटी राहीन म्हणणारी आई त्यात कुठेच नसती. या बाबतीत मीमवाले एकांगी आहेत, त्यांच्या चित्रात फक्त ऐकणारी बाई असते. बोलणारी कुठून बोलतेय, तिचे हात कशात आहेत, ते कधी दिसत नाही.

तरी एक तक्रार आहेच. थेंबांच्या वेळा तिने तोंडी सांगितल्या: कुठले दर दोन तासांनी, कुठले दिवसातून चार वेळा, लाल झाकणाची बाटली आधी. आता शनिवारी सकाळी मला त्या हव्या असतील तेव्हा व्हॉट्सॲपमध्ये ‘थेंब’ शोधून काही सापडणार नाही, आवाजाच्या आतलं शोधता येत नाही. नोटेला उत्तर द्यायला गेलं तर अवतरणातही फक्त माइक आणि 5:12 उमटतं, कुठल्या वाक्याला उत्तर देतेय ते दाखवता येत नाही. म्हणून ऐकता ऐकता किराण्याच्या यादीमागे लिहून घेतलं: ऑपरेशन शुक्र., शनि. सकाळी पोचणं, लाल झाकण आधी, स्कूटरचं विचारणं. शेवटचं लिहिलं नाही तर तिला वाटतं मी ऐकलंच नाही.

मग उत्तर. ‘हो, येते’ एवढंच लिहिलं असतं तर पाच मिनिटांना दोन शब्द झाले असते, आणि ती हे मोजते. हाताला लसणाचा वास, टाईप करायचा कंटाळा, म्हणून मीही माइक दाबून वर सरकवला. येते म्हणाले, आईंना काळजी करू नका म्हणाले, वांग्यांवरून बोलले, मध्ये कुकर वाजला, तो बंद करून आले, सासूबाईंनी विचारलेल्याचं उत्तर दिलं. आणि शेवटी विचारलं की सकाळी आठपर्यंत पोचायचं तर शुक्रवारी रात्रीच येऊ का, की पहाटेची गाडी धरू. झाली 3:36.

तिचं लगेच उत्तर आलं. टाईप केलेलं. ‘बापरे, केवढी! मुलगा अभ्यासाला बसलाय, उद्या रिक्षात ऐकते.’

माइक अजून करडाच आहे. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीत जागा मिळतेय का ते उद्या सकाळीच बघायला हवं, आणि ती नक्की किती वाजता रिक्षात बसते ते मला माहीत नाही. आता वेगळा मेसेज टाईप करते.